बॅकएंड इंजिनिअरचा पीएमसाठी रेझ्युमे: काफ्कावर बोट ठेवून बघ

प्रश्न: पुण्यात ६ वर्षं बॅकएंड करतोय, आता प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. चाळीसेक ठिकाणी अप्लाय केलं, एक पण कॉल नाही. रेझ्युमेत सगळं जावा, काफ्का, मायक्रोसर्व्हिसेस असंच आहे, कारण केलंय तेच ना. सगळे म्हणतात "यूझर आणि बिझनेसच्या भाषेत लिही". म्हणजे नेमकं काय लिहायचं? आणि ते खोटं कसं वाटणार नाही?

उत्तर:

मी ७ वर्षं कोड लिहिला, त्यानंतर ९ वर्षं पीएम आहे, आणि गेली काही वर्षं माझ्या टीमसाठी पीएमचे रेझ्युमे पण मीच चाळते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगते.

तो "भाषा" शब्दच घोळ घालतो बघ. भाषा बदल म्हटलं की पोरं शब्द बदलतात. "पेमेंटची एपीआय लिहिली" याचं "यूझर-सेंट्रिक पेमेंट सोल्यूशन डिलिव्हर केलं" होतं, आणि त्याच्या पुढे "क्रॉस-फंक्शनल टीमसोबत" आणि "बिझनेस इम्पॅक्ट" चिकटवलं की झालं. काम तेच, वरून पावडर. असे रेझ्युमे माझ्याकडे ढिगाने येतात आणि खरं सांगू का, त्यापेक्षा तुझा जावा-काफ्कावाला बरा, त्यातून निदान तू काय केलंस ते तरी कळतं.

मी रेझ्युमेत शोधते तो निर्णय. म्हणजे दोन-तीन रस्ते समोर होते, सगळेच थोडेफार बरोबर होते, त्यातला एक तू निवडलास किंवा निवडायला लावलास, कशाच्या आधारावर निवडलास, आणि त्या नादात काय सोडलंस. इंजिनिअर असे निर्णय रोज घेतो, फक्त ते लिहून ठेवत नाही, लिहितो ते निर्णयानंतर काय बांधलं ते.

एक खरा रेझ्युमे घेऊन दाखवते. माझ्या ओळखीची एक मुलगी, बस तिकीट बुकिंगच्या एका कंपनीत बॅकएंडला होती, तुझ्यासारखीच ५-६ वर्षं. तिला विचारून सांगतेय, आकडे थोडे बदललेत पण प्रमाण तेच ठेवलंय. रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत असतो, मी इथे मराठीत सांगते. तिची पहिली ओळ अशी होती:

"काफ्का आणि रेडिस वापरून पेमेंट स्टेटस सर्व्हिस रीडिझाइन केली, नुसत्या वेबहूकऐवजी पोलिंग आणलं, अडकलेल्या पेमेंटचा स्टेटस कळायचा पी-९५ वेळ ११ मिनिटांवरून ४ मिनिटांवर."

इंजिनिअरच्या नोकरीसाठी ही ओळ चांगली आहे, आकडा आहे, काय केलं ते आहे. आता काफ्का, रेडिस, वेबहूक, पोलिंग, पी-९५ या शब्दांवर बोट ठेव आणि उरलेलं वाच. "स्टेटस कळायचा वेळ ११ वरून ४ मिनिटांवर." कोणाला कळायचा? आणि उशिरा कळला तर कुणाचं काय बिघडत होतं? ओळीत काहीच नाही. ही बोटाची टेस्ट तुझ्या प्रत्येक ओळीवर कर, टेक्निकल शब्द झाकले की जी ओळ मरते ती पीएमसाठी अजून लिहिलेलीच नाहीये असं समज.

मी तिला विचारलं, त्या ११ मिनिटांत माणूस काय करत होता? ती दोन मिनिटं गप्प, आणि मग जे बोलायला लागली ते ऐकून मी म्हटलं हे सगळं रेझ्युमेत का नाहीये बाई.

झालेलं असं. सीट निवडून पेमेंटला गेलं की ती सीट ८ मिनिटं धरून ठेवायची, म्हणजे तेवढ्यात दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. यूपीआयने पैसे भरताना माणूस यूपीआयच्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, परत येतो, आणि बऱ्याचदा सगळं सेकंदात होतं, पण कधीकधी बँकेकडून उत्तरच येत नाही, पेमेंट पेंडिंगमध्ये लटकतं. तिकडे ८ मिनिटं झाली की सीट सुटायची आणि दुसरं कोणीतरी उचलायचं. नंतर गेटवेकडून निरोप यायचा की पैसे आले बरं का. आता पैसे आलेत पण सीट नाही, मग सिस्टिम ते सरळ रिफंडला पाठवायची, आणि रिफंड हातात पडायला काही दिवस. शुक्रवारी रात्री स्वारगेटला बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पैसे कापलेत, तिकीट नाही, आणि ॲप म्हणतंय "रिफंड प्रोसेस होतोय". तो दुसऱ्या गाडीसाठी परत पैसे भरणार, आणि त्या आधी कस्टमर केअरला चार शिव्या घालणार.

इथे एक आडवा मुद्दा, पण पेमेंटमधल्या लोकांना उपयोगी आहे. २०१९ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की यूपीआयने दुकानदाराला पैसे भरताना खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराला कन्फर्मेशन पोचलंच नाही तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण या केसमध्ये कन्फर्मेशन पोचत होतं, फक्त उशिरा. म्हणजे बँकेच्या बाजूने व्यवहार पूर्ण, परत द्यायची जबाबदारी कंपनीची. हा फरक तिला माहीत होता, सपोर्टवाल्यांना माहीत नव्हता, ते प्रवाशांना "बँकेत विचारा" सांगत होते. हे ज्या क्षणी तिने मला सांगितलं त्या क्षणी मला वाटलं की ही मुलगी पीएम आहे, फक्त पदावर नाहीये. रेझ्युमेत याचा मागमूस नव्हता.

मग मी तिला प्रश्न विचारत गेले, तेच तू स्वतःला विचार. बरोबरचा कुणी विचारणारा असेल तर अजून उत्तम, कारण स्वतःचं स्वतःला विचारलं की आपण पटकन "ते तर काय नेहमीचंच" म्हणून सोडून देतो.

हे प्रॉब्लेम आहे हे तुला कळलं कसं? ती ऑन-कॉल असायची आणि शुक्रवारी रात्री ठरलेला अलर्ट वाजायचा. वैतागून तिने सपोर्टकडून दोन महिन्यांच्या "पैसे गेले तिकीट नाही" छाप तक्रारी मागवल्या आणि १८० तक्रारी बसून वाचल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मग डेटाबेसवर एक साधी क्वेरी:

```sql
SELECT COUNT(DISTINCT p.order_id)
FROM payments p
JOIN seat_holds h ON h.order_id = p.order_id
WHERE p.status = 'SUCCESS'
  AND p.confirmed_at > h.released_at;
```

म्हणजे पैसे आले तेव्हा सीट आधीच सुटलेली होती अशा ऑर्डरी किती. पहिल्यांदा तिने `DISTINCT` लावलं नव्हतं, आणि seat_holds मध्ये दर सीटमागे एक ओळ असते, त्यामुळे चार जणांचं एक कुटुंब चार वेळा मोजलं गेलं आणि आकडा भयंकर फुगला. तो आकडा घेऊन ती मीटिंगला गेली असती तर बिझनेसवाल्यांनी पाचव्या मिनिटाला पकडली असती. तुझ्या रेझ्युमेतला प्रत्येक आकडा असा एकदा उलटा तपासून घे, कशाचा भागिले कशाचा ते स्वतःला सांगता आलं पाहिजे.

पुढचा प्रश्न, दुसरे रस्ते कोणते होते? सगळ्यात सोपा रस्ता, ८ ची १५ मिनिटं करायची, एका कॉन्फिगचा बदल, पाच मिनिटांचं काम. तिच्या मॅनेजरला तोच हवा होता. पण बस ऑपरेटर भडकले असते, कारण गर्दीच्या दिवसांत, गणपतीत कोकणाच्या गाड्यांना वगैरे, अर्धे लोक नुसतेच सीट पकडून किंमत बघत बसतात, त्यांच्यासाठी सीट १५ मिनिटं अडकवली तर खरा गिऱ्हाईक दुसऱ्या ॲपवर जातो. दुसरा रस्ता, नुसतं पोलिंग, म्हणजे गेटवेच्या निरोपाची वाट न बघता आपणच दर थोड्या वेळाने स्टेटस विचारायचा. त्याने बरीचशी पेमेंटं ४ मिनिटांत कळायला लागणार होती, पण जी शेपटी उरते तिचं काय. तिसरा रस्ता तिने काढला, ज्यांनी खरंच पैसे भरायला सुरुवात केलीये आणि ज्यांचा स्टेटस लटकलाय फक्त त्यांचीच सीट १२ मिनिटांपर्यंत धरायची, बाकीच्यांना ८ च. १२ का, तर डेटात दिसत होतं की १२ मिनिटांनंतरही लटकलेली पेमेंटं बहुतेक शेवटी फेलच होतात, त्यांच्यासाठी सीट धरून उपयोग नाही.

निर्णय कुणाचा होता? इथे प्रामाणिक राहायचं. तेव्हा त्यांच्याकडे पीएमची जागा रिकामी होती, तरी अंतिम मंजुरी बिझनेस हेडची होती, कारण ऑपरेटरांशी करार तो बघायचा. तिने प्रस्ताव मांडला, डेटा दिला, तीन आठवडे फक्त पुणे-नागपूरवर करून बघू असं सुचवलं. हे तिचं. मंजुरी तिची नाही.

आणि बदललं काय? त्या रूटवर अशा तक्रारी दर १० हजार बुकिंगमागे ३१ वरून ९ वर आल्या, बाकीच्या रूटवर त्याच तीन आठवड्यांत जवळपास होत्या तिथेच राहिल्या. हे "बाकीचे रूट" फार महत्त्वाचे आहेत, त्यावर थोड्या वेळाने येते.

आता ओळ कशी झाली बघ. एका ओळीच्या दोन झाल्या:

"पैसे भरूनही तिकीट न मिळालेल्या प्रवाशांच्या तक्रारी दर १० हजार बुकिंगमागे ३१ वरून ९ वर आणल्या (एक रूट, ३ आठवडे, बाकी रूटशी तुलना करून), १८० तक्रारी वाचून आणि पेमेंटचा डेटा तपासून मूळ कारण शोधलं: पैसे पोचायच्या आधी सीट सुटत होती."

"सगळ्यांसाठी सीट धरण्याची वेळ वाढवण्याऐवजी फक्त लटकलेल्या यूपीआय पेमेंटसाठी ती ८ वरून १२ मिनिटं करण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणजे ऑपरेटरच्या सीटा उगाच अडकणार नाहीत, बिझनेस हेडची मंजुरी घेऊन चाचणी चालवली आणि त्यामागची स्टेटस सर्व्हिस स्वतः बांधली."

काफ्का गेला, पण "स्वतः बांधली" हे दोन शब्द मुद्दाम ठेवलेत. तू इंजिनिअर होतास हे लपवायचं नाहीये, तेच तुझं भांडवल आहे, फक्त ते वाक्याच्या शेवटी येऊ दे. आणि "मंजुरी घेऊन" हे लिहिल्याने ओळ कमजोर होत नाही, उलट वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला आपला निर्णय कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते माहीत आहे. तुझा खोटेपणाचा प्रश्न इथेच सुटतो बघ. खोटं वाटतं ते "लीड केलं", "ड्राइव्ह केलं", "ओन केलं" या शब्दांनी, कारण त्यात कुणी काय केलं ते दिसत नाही. "शोधलं, मोजलं, प्रस्ताव मांडला, नको म्हटलं, चाचणी घेतली" ही क्रियापदं वापर, ती खोटी लिहिणं अवघड असतं कारण पुढचा प्रश्न लगेच येतो.

बरं, त्या बाकीच्या रूटबद्दल. हे माझ्या स्वतःच्या फजितीतून शिकलेय. मी पीएमसाठी पहिल्यांदा इंटरव्ह्यू द्यायला लागले तेव्हा माझ्या रेझ्युमेत लिहिलं होतं की चेकआउट पेज फास्ट केलं आणि ऑर्डरी १८ टक्क्यांनी वाढल्या. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कोणते महिने कोणत्या महिन्यांशी तुलना केले? मी म्हटलं सप्टेंबर आणि ऑक्टोबर. त्या म्हणाल्या, त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात होती ना? संपलं. पुढची चाळीस मिनिटं त्या चहा पीत होत्या आणि मी घाम पुसत होते. पेज फास्ट झालं होतं हे खरं, ऑर्डरी वाढल्या हेही खरं, पण एकामुळे दुसरं झालं हे मला माहीतच नव्हतं, मी फक्त दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक "त्यामुळे" टाकला होता.

म्हणून तुझ्याकडे तुलनेला काही असेल, दुसरा रूट, दुसरं शहर, अर्ध्या यूझरांना जुनं अर्ध्यांना नवं, मागच्या वर्षीचा तोच आठवडा, तरच "मुळे" लिही. नसेल तर जिथपर्यंत तुला खात्री आहे तिथेच थांब. "पेज उघडायचा वेळ ६ सेकंदांवरून २ वर, पेमेंटच्या आधी सोडून जाणाऱ्यांतले बरेच जण याच पेजवर अडकत होते म्हणून आधी हे घेतलं." यात महसूल नाही, टक्के नाहीत, तरी निर्णय आहे, आधी हे का घेतलं ते आहे. मला ही ओळ त्या १८ टक्क्यांपेक्षा दहापट आवडेल.

आकडे आठवत नसतील तर ते शोधायची जागा म्हणजे तुझी जुनी तिकिटं, डिझाइन डॉक्युमेंट, पुल रिक्वेस्टखालची भांडणं, इन्सिडेंटनंतर लिहिलेले रिपोर्ट. विशेष करून भांडणं. जिथे तू कुणाशी वाद घातलायस की "हे असं नको, तसं करू" तिथे नक्की एक निर्णय पुरलेला आहे. पण एक सांभाळ, हे नोकरीत असताना वाच, तुझ्या वहीत आठवण म्हणून चार शब्द लिही, कंपनीचा डेटा किंवा डॉक्युमेंट स्वतःच्या मेलवर पाठवत बसू नको, त्यात लोकांच्या नोकऱ्या गेल्यात. आणि रेझ्युमेत एकूण महसूल, यूझरसंख्या, गिऱ्हाइकांची नावं टाकायची नाहीत, प्रमाण टाकायचं. "दर १० हजारामागे ३१" यातून कंपनी किती मोठी ते कळत नाही, पण बदल कळतो.

आता तू म्हणशील माझं सगळं काम असं नाहीये, मी दीड वर्ष मोनोलिथ फोडत होतो, त्यात कुठे आला यूझर. बरोबर आहे. दर कामात यूझर घुसडायचा नाही. त्या दीड वर्षाबद्दल एकच प्रश्न विचार, ते झाल्यावर कंपनीला असं काय करता आलं जे आधी येत नव्हतं? आधी महिन्यातून एकदा रिलीज व्हायचा, आता आठवड्याला होतो, आणि त्यामुळे सेल टीमला गर्दीच्या आधी ऑफर बदलता यायला लागल्या, असं काही असेल तर तेवढं लिही. नसेल काही, तर एक ओळ, "मोनोलिथमधून तीन सर्व्हिस वेगळ्या काढल्या", आणि पुढे चल. सहा वर्षांत तीन-चार खरे निर्णय निघाले तरी रेझ्युमे भरतो. माझ्या मते दहा ओळी ओढूनताणून यूझरच्या केल्या की त्यातल्या तीन खऱ्यांवरचा पण विश्वास उडतो.

एक प्रकार मात्र इंजिनिअर हमखास विसरतात, न बांधलेल्या गोष्टी. त्याच मुलीने एकदा लॉयल्टी पॉइंटची सिस्टिम बांधायच्या आधी सहज बघितलं होतं की वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा बुक करणारे किती, तर फारच थोडे होते, लोक गावाला सणासुदीलाच जातात. तिने ते दाखवलं आणि काम पुढे ढकललं गेलं, दोन इंजिनिअरांची तिमाही वाचली. हे तिच्या रेझ्युमेत नव्हतं कारण "काही केलंच नाही ना त्यात". अगं हेच तर केलंस! पीएमचं निम्मं काम नको म्हणायचं असतं, तेही डेटा दाखवून आणि समोरच्याला न दुखावता.

बाकी मांडणीचं पटापट सांगते. एकच पान. जुन्या नोकरीतलं पद बदलू नको, रेझ्युमेत "सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर" हेच राहू दे, "टेक्निकल प्रॉडक्ट ओनर" वगैरे स्वतःच्या मनाने करून टाकलं तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये एचआर जुन्या कंपनीला पद विचारतं आणि ऑफर हातची जाते. काय व्हायचंय ते सगळ्यात वरच्या दोन ओळींत लिही, आणि तिथेही "पॅशनेट" नको, सरळ लिही: पेमेंट आणि बुकिंगमध्ये ६ वर्षं इंजिनिअर, त्यात अमुक आणि तमुक प्रॉडक्ट निर्णयांवर काम, आता पेमेंटच्या प्रॉडक्टमध्ये पीएमची जागा शोधतोय. ज्या डोमेनमध्ये राबलास तिथलाच पीएम हो आधी, एकाच उडीत काम पण बदलायचं आणि क्षेत्र पण बदलायचं हे फार अवघड जातं. तुझ्या चाळीस अर्जांत किती पेमेंटच्या कंपन्या होत्या ते बघ जरा.

स्किल्सची वीस टेक्नॉलॉजीची यादी एका ओळीवर आण आणि तळाला ठेव, वरची जागा एसक्यूएल, ए-बी टेस्टिंग, ज्या अ‍ॅनालिटिक्स टूलवर खरंच हात बसलाय ते, एवढ्याला दे. पण जाहिरातीत एखादा शब्द नेमका असेल आणि ते तू केलेलं असेल तर तोच शब्द वापर, पहिली चाळणी बऱ्याचदा एचआर करतो आणि तो शब्दच शोधत असतो. दोन दिवसांच्या कोर्सची सर्टिफिकेटं मी बघत पण नाही, असली तर तळाला एक ओळ.

आणि बाहेर अर्ज करण्याआधी आतल्या आत विचारलंस का? तुझ्याच कंपनीतल्या पीएमला हा नवा रेझ्युमे दाखव, नोकरी माग असं नाही, म्हण की यातली कुठली ओळ तुला पटत नाही ते सांग. तो त्या कामाच्या वेळी तिथे होता, त्यामुळे तू कुठे जास्तीचं श्रेय घेतलंयस ते तो दोन मिनिटांत दाखवेल. ते ऐकायला जड जातं, पण इंटरव्ह्यूत ऐकण्यापेक्षा बरं. शिवाय इंजिनिअरचा पीएम होणारे माझ्या बघण्यातले बरेचसे जण कंपनीच्या आतूनच झालेत, कारण तिथे तुझं काम बघितलेली माणसं असतात आणि कागदावर कमी अवलंबून राहावं लागतं.

शेवटचं, दर ओळीच्या मागे एक पान तयार ठेव, जे रेझ्युमेत जात नाही. त्या पानावर मुख्य गोष्ट एकच, निर्णयाची किंमत. त्या मुलीला इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच आला, की तुम्ही लटकलेल्या पेमेंटसाठी सीटा १२ मिनिटं अडकवल्या, मग त्यातल्या किती रिकाम्या गेल्या? तिने वही न उघडता सांगितलं. तीन आठवड्यांत ८ मिनिटांच्या पुढे ६० वेळा सीट धरून ठेवावी लागली, त्यातली ३८ पेमेंटं यशस्वी झाली, २२ फेल, आणि त्या २२ पैकी ३ सीटा गाडी सुटेपर्यंत विकल्या गेल्या नाहीत. पुढचा प्रश्न आला, त्या तिन्ही कुठल्या वारच्या होत्या. तेही तिला माहीत होतं, तिन्ही मंगळवारच्या, गाडी तशीही अर्धी रिकामी होती.